सोयाबीन काय म्हणतंय?

निव्वळ मेसेज आणि व्हॉइस नोटांमधून एखादी गोष्ट सांगायला घेतली की वाचक पहिल्याच पानावर विचारतो, "अहो, मग हे दोघं सरळ फोन का करत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. एका बाकावर बसून शाळा केलेले दोन मित्र, खिशात दोघांच्याही मोबाइल, आणि बोलण्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर गोष्टीच्या पोटातच नसेल, तर पुढची सगळी पानं ही लेखकाची नुसती हौस ठरतात. 'रेंज नाही' हे उत्तर एकदा चालतं. दुसऱ्यांदा दिलं की वाचक म्हणतो, रेंज नाही तर मेसेज काय पोस्टमन आणून टाकतो का?

माझ्या मते चांगलं उत्तर एकच. दोघांपैकी एकाचं दुसऱ्याकडे काहीतरी येणं असलं पाहिजे. पैसे असोत, माफी असो, नाहीतर लग्नाला का आला नाहीस याचा खुलासा असो. फोनवर समोरचा माणूस मध्येच तोंड घालू शकतो, गप्प राहून आपल्याला बोलायला लावू शकतो. व्हॉइस नोटेत ती भीती नाही. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१३ साली आली आणि मराठी माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीही न अडवता बोलायला मिळालं. ज्याला काही द्यायचंय तो व्हॉइस नोट पाठवतो; ज्याला घ्यायचंय तो दोन शब्द टाइप करतो. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. आपला मोबाइल उघडून बघा.

तर अशी एक गोष्ट रचू या. गाव घेऊ आमच्या बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. माणसं दोन, दोन्ही कल्पनेतली. दिगंबर गावातच राहिला, शेती करतो. भास्कर चिंचवडला एका कारखान्यात आहे, पाळ्या करतो. जूनमध्ये पेरणीच्या वेळी दिगंबरनं बियाणं-खतासाठी भास्करकडून वीस हजार घेतले, सोयाबीन निघालं की देतो म्हणून. आता दिवाळी होऊन गेलीय. भास्करच्या मुलीची कॉलेजची फी भरायचीय. गोष्टीत एवढंच आहे. खून नाही, पळून जाणं नाही.

पहिली अडचण लगेच येते. हे सगळं वाचकाला सांगायचं कुणी? निवेदक तर आपण हाकलून दिलाय. नवखा लेखक मग भास्करच्या हातून असा मेसेज लिहून घेतो: 'दिगंबर, तुला आठवतच असेल की आपण युसूफ वडगावच्या शाळेत एकत्र शिकलो आणि जून महिन्यात मी तुला वीस हजार रुपये दिले होते.' जगाच्या पाठीवर कुठल्याही मित्रानं मित्राला असा मेसेज पाठवलेला नाही. पाठवला असेल तर तो वकिलाच्या सल्ल्यानं. दोघांना जे ठाऊक आहे ते दोघं एकमेकांना सांगत नाहीत. आणि वाचकाला तर नेमकं तेच हवं असतं.

ही अडचण जुनीच आहे. वामन मल्हार जोशींनी 'इंदू काळे व सरला भोळे' ही पत्ररूप कादंबरी १९३४ साली लिहिली. पण पत्रवाल्यांचं एका अर्थी बरं होतं. पत्र म्हणजे बैठक मारून लिहायची चीज. 'गेल्या पत्रानंतर इकडे बरंच काही घडलं' असं म्हणून चार पानं भरली तरी ते खोटं वाटत नाही, कारण मध्ये खरोखरच दिवस गेलेले असतात आणि सांगायचं साठलेलं असतं. मेसेजवाल्यांना ती चैन नाही. त्यांच्याकडे साठतच नाही काही. शिवाय पत्राला पत्राचं उत्तर येतं. इथं भास्करनं तीन प्रश्न टाकलेले असतात, दिगंबर पहिल्याचं उत्तर देत असतो आणि ते जाऊन बसतं तिसऱ्याखाली. पोरगी पास झाली का, या प्रश्नाखाली 'नाही, विकून टाकली, दूध देत नव्हती' असं उत्तर येतं. विनोदी कथेला हे फार उपयोगी आहे. पण दर पानावर वापरलं तर वाचकाच्या लक्षात येतं की लेखकाला एकच विनोद येतो.

मग वीस हजारांचं कसं सांगायचं? माझा मार्ग असा, की ते सांगायचंच नाही. भास्करनं फक्त विचारायचं:

'सोयाबीन काय म्हणतंय?'

बस. हा मेसेज दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पुनःपुन्हा येऊ द्यायचा. चिंचवडच्या कारखान्यात यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाला सोयाबीनच्या तब्येतीची एवढी काळजी का, असं वाचकाला तिसऱ्या खेपेला वाटलंच पाहिजे. संबोधनंही कामाला लावायची. पहिल्यांदा 'दिग्या, सोयाबीन काय म्हणतंय?' मग नुसतंच 'सोयाबीन काय म्हणतंय?' आणि एके दिवशी 'दिगंबर, सोयाबीनचं काय झालं?' दिग्याचा दिगंबर झाला की गावाकडचा वाचक सावरून बसतो. 'दिगंबरराव' झाला असता तर गोष्ट पंचांपर्यंत गेली असती.

दिगंबर मात्र टाइप करत नाही. तो व्हॉइस नोट पाठवतो, आणि खरी मजा नि खरी पंचाईत तिथंच आहे. कारण छापील कागदाला कान नसतात. व्हॉइस नोट कागदावर उतरवायची म्हणजे नुसते शब्द उतरवून भागत नाही. वेळ लिहावी लागते, लांबी लिहावी लागते, मागचे आवाज कसेतरी आणावे लागतात. आणि गोष्ट सगळी मेसेजांतच सांगायची ठरली असेल तर '(मागून मोटारीचा आवाज)' असा कंस टाकायचाही आपल्याला हक्क नाही. तो कंस कुणी लिहिला? निवेदकाला तर आपण घालवलंय. तो मागच्या दारानं कंसात येऊन बसला, तर चोरी पकडली जाते. म्हणून जे ऐकू येईल ते बोलणाऱ्याच्याच तोंडून कळलं पाहिजे. उदाहरणार्थ ही नोट बघा. लांबी तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, वेळ रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.

"भास्क्या, झोपला असशील. सकाळी ऐक. लाईट बाराला आली. ह्या आठवड्यात रात्रीचीच हाय आपल्याला, उसाला पाणी द्यायलाव. थांब. थांब थांब, फुटलं तिकडं. अगं बॅटरी इकडं मार की, इकडं, माझ्या तोंडावर कामून मारायलीस? हां. तर काय म्हणत होतो, आज आपले भूमितीचे सर लई आठवायलेत. मला प्रमेय येत नव्हतं, तर मी फळ्यापशी उभा राहून सगळं बोलायचो, नुसतं प्रमेय सोडून. सर म्हणायचे, दिगंबर, पक्ष झाला, साध्य झालं, सिद्धता कुठाय? सोयाबीन वाळायलंय रे. आडत्याला दाखवलं काल. म्हणला पंधरा लागतंय माऊश्चर, दोन उन्हं दे. मी उन्हं द्यायला तयार हाय, पर आभाळ येयलंय, त्याला कोण सांगावं? पोरगी काय म्हणती? हुशार हाय ती, तुझ्यावर नाही गेली. आन् ते. ते ध्यानात हाय बरं का माझ्या. आधी भास्करभाऊजींचे देऊन टाका म्हणलं, खताचं मागून बघता येईल. गप की, चालू हाय ते. बरं, ठेवतो."

यात कंस एकही नाही. दिगंबरच्या बायकोचं वाक्य कुठं सुरू झालं ते 'भाऊजी' या एका शब्दानं कळतं, कारण मित्र मित्राला भाऊजी म्हणत नाही. तिच्या हातात बॅटरी आहे, ती बांधावर उभी आहे, नवऱ्याला खताची काळजी आहे हे तिला माहीत आहे, आणि उसने पैसे कुणाचे आहेत हेही. दिगंबरनं जे पावणेचार मिनिटं झाकलं ते तिनं चार सेकंदांत उघडं केलं. लिहिलेल्या मेसेजात हे होणं अशक्य. लिहिताना माणूस स्वतःला हवं तेवढंच लिहितो. बोलताना त्याच्या मागचं घरही बोलतं, शेतही बोलतं.

आता वेळेकडे बघा. रात्रीचे दोन वाजून सतरा मिनिटं. पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल, बिचाऱ्याला कर्जाच्या काळजीनं झोप नाही. आमच्याकडचा वाचक म्हणेल, रात्रीची पाळी आहे. शेतीपंपांची वीज चक्रानं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की शेतकरी बॅटरी घेऊन, साप-विंचू सांभाळत उसात उभा. मोटार चालू केली की पाणी सरीला लागतं, एक सरी भरली की माती ओढून ते दुसरीत वळवायचं, याला दारं धरणं म्हणतात. दोन दाऱ्यांच्या मध्ये जो मोकळा वेळ मिळतो त्यात माणूस करणार काय? शाळेतल्या मित्राला व्हॉइस नोट पाठवतो. तेव्हा एकच वेळ दोन वाचकांना दोन गोष्टी सांगते आणि लेखकानं मध्ये पडू नये. माझ्यापुरतं विचाराल तर दोन्ही वाचक बरोबर आहेत. लाईट नसती तरी दिगंबर जागाच असता.

सोयाबीनचंही तसंच. बारा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्याच्या वर गेला की आडतीवर भाव कापून घेतात. 'पंधरा लागतंय' या दोन शब्दांत दिगंबरची अडचणही आहे आणि सबबही. खरं किती, सबब किती, हे भास्करला ठरवता येत नाही. वाचकालाही येऊ नये. ढीग अंगणात आहे, ताडपत्री त्याच्यावर आहे, आभाळ त्याच्या वर आहे. दिगंबर खोटं बोलत नाहीये, फक्त सिद्धता देत नाहीये.

आवाजाची नोंद करून तिच्यातून गोष्ट सांगणं हा आपल्याच काळाचा शोध आहे असं कुणाला वाटत असेल तर ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' काढून बघावी. सगळी कादंबरी दैनंदिन्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांची. त्यातला डॉक्टर सेवर्ड आपली दैनंदिनी लिहीत नाही, फोनोग्राफवर बोलून ठेवतो. महिनोन् महिने बोलल्यावर त्याच्या ध्यानात येतं की नेमकी हवी ती गोष्ट यात शोधायची कशी, याचा आपण कधी विचारच केला नाही. शेवटी मीना हार्कर ते सगळं ऐकून टंकलेखन यंत्रावर उतरवून काढते, तेव्हा कुठे ते वाचता येतं. रक्तपिपासू सरदार वगैरे ठीक आहे, पण त्या कादंबरीत मला सगळ्यांत ओळखीचा वाटतो तो हा डॉक्टर. सतरा मिनिटांच्या व्हॉइस नोटेत मावशींनी लग्नाची तारीख कुठे सांगितली ते शोधणारा प्रत्येक मराठी माणूस डॉक्टर सेवर्ड असतो.

आपल्या गोष्टीत मीना नाही. भास्करला स्वतःच ऐकावं लागणार. आणि इथं मी गोष्टीची कळ ठेवली आहे. २०२१ साली व्हॉट्सॲपनं व्हॉइस नोट दीडपट आणि दुप्पट वेगानं ऐकायची सोय दिली. भास्कर पहिल्या पाळीला निघालाय, कंपनीच्या बसमध्ये उभा आहे, आणि दिगंबरची नोट पावणेचार मिनिटांची आहे. तो दुप्पट वेग लावतो. दुप्पट वेगात दिगंबर तुरुतुरु बोलतो, प्रमेय संपतं, पोरगी हुशार होते, 'ध्यानात हाय' एवढं कळतं, आणि मागचं बायकोचं वाक्य बसच्या घरघरीत वाहून जातं. पण हे वाचकाला सांगणार कोण? पुन्हा तीच अडचण. मेसेजांतूनच दिसलं पाहिजे. म्हणून मी उत्तर असं ठेवलं:

सकाळी ६.४१. 'बसमध्ये आहे. टूएक्सवर ऐकला. पाणी झालं का?'

रात्री ११.३८. `This message was deleted`

त्या पुसलेल्या मेसेजात काय होतं हे मी कधीच सांगणार नाही. सांगितलं तर गोष्ट संपली. पाठवलेला मेसेज दोघांकडूनही पुसायची सोय २०१७ साली आली, पण पुसल्याची खूण तशीच राहते, हा त्या सोयीतला सगळ्यांत माणुसकीचा भाग म्हणायचा की सगळ्यांत वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही. पूर्वी रागानं लिहिलेलं पत्र फाडलं तर समोरच्याला पत्ताही लागत नसे. आता पत्र फाडलं तरी तुकडे त्याच्याच अंगणात पडतात. दिगंबरनं सकाळी उठून ती ओळ बघितली आणि त्याला कळलं, की काल रात्री मित्र काहीतरी बोलून गप्प बसला. वीस हजारांची यापेक्षा मोठी मागणी होऊ शकत नाही.

यानंतर दोन दिवस काही नाही. गोष्टीत दोन दिवस काही नाही हे दाखवायला फक्त पुढची तारीख लिहायची. 'दोघांत अबोला पसरला' असलं लिहायला निवेदक लागतो, आणि तो, देवाच्या दयेनं, नाही. मग:

'परत ऐकला. वहिनींना सांग, घाई नाही.'

या ओळीत 'परत' हा शब्द आहे म्हणून वाचकाला कळतं की या खेपेला साध्या वेगानं ऐकला. 'वहिनींना' आहे म्हणून कळतं की मागचा आवाज ऐकू आला. आणि 'घाई नाही' हे त्यानं दिगंबरला न सांगता वहिनींना सांगितलंय, म्हणून दिगंबरची मानही वाचली. भास्करनं एवढा विचार करून लिहिलं असेल असं नाही. पण लेखकानं केला पाहिजे.

यावर दिगंबरची चार सेकंदांची नोट येते: "तुला ऐकू आलं व्हय ते?"

इथं थांबायचं. माझ्या एका मित्रानं कच्चा खर्डा वाचून विचारलं, पैसे मिळाले की नाही ते तरी सांग. त्याला शेवटी भास्करकडून 'मिळाले' असा मेसेज हवा होता. मी म्हटलं, पैसे मिळाले की गोष्ट हिशेबाच्या वहीत जाते. शिवाय मित्रांचं बोलणं असं मुद्द्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर फुलांचं चित्र असलेला शुभ सकाळचा फॉरवर्ड पाठवतो, भास्कर हात जोडल्याची खूण पाठवतो, आणि महिनाभर तेवढंच चालतं. ते खरं आहे, पण छापायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र गोष्टीबाहेरची आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा भास्करला हे सगळं संभाषण काढून ठेवायचं झालं, तर व्हॉट्सॲपमध्ये एक्सपोर्ट चॅट म्हणून सोय आहे. ती वापरताना मीडियाशिवाय असा पर्याय निवडला, तर हातात येते ती नुसती मजकुराची फाइल, आणि तिच्यात आपली दोन वाजून सतरा मिनिटांची नोट अशी दिसते:

```
12/11/24, 2:17 am - दिग्या: <Media omitted>
```

भास्करनं टाइप केलेलं सगळं जागच्या जागी. 'सोयाबीन काय म्हणतंय?' दर दहा-बारा दिवसांनी ठळक. आणि युसूफ वडगावच्या बाजूनं ओळीमागून ओळ हेच दोन शब्द. ऊस नाही, बॅटरी नाही, भूमितीचे सर नाहीत, वहिनी नाहीत. ही फाइल वाचणाऱ्याला वाटेल की चिंचवडचा एक माणूस महिनोन् महिने कुणाला तरी सोयाबीनची खुशाली विचारत राहिला आणि समोरून कुणी बोललंच नाही. जो टाइप करतो त्याचा शब्द राहतो, जो बोलतो त्याचा जातो. आणि आमच्या भागात तर बोलणारेच जास्त.

म्हणून एवढंच करा. मोबाइल बदलायचा असेल, जुना पोराला द्यायचा असेल किंवा जागा भरली म्हणून सगळं पुसायला बसला असाल, तर आधी शाळेतल्या त्या एका मित्राचं चॅट उघडा, एक्सपोर्ट करताना मीडियासकट हा पर्याय निवडा, आणि सोबत ज्या `.opus` फायली येतील त्या दुसरीकडे ठेवून द्या. ऐकायच्या झाल्या तर साध्या वेगानं ऐका.